डिस्चार्ज कार्डावर एक तारीख लिहा: खुब्याचे ऑपरेशन करून रुग्ण घरी पाठवणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
राज्यातील सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे अधीक्षक व अस्थिरोग विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

खुब्याचे हाड मोडलेल्या वयस्क रुग्णाला आपण घरी पाठवता, तेव्हा त्याच्या हातात जे डिस्चार्ज कार्ड देता त्याबद्दल हे पत्र आहे. त्या कार्डावर सहसा बसवलेल्या सांध्याचा स्टिकर असतो, अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात, मांडी घालू नका, खाली बसू नका अशी ताकीद असते. टाके काढायची तारीख असते आणि सहा आठवड्यांनी एक्स-रेला या, असे लिहिलेले असते. रक्ताच्या गुठळीबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. वॉर्डात रोज बेंबीशेजारी टोचले जाणारे इंजेक्शन कशासाठी होते, ते आता थांबले की चालू ठेवायचे, आणि चालू ठेवायचे तर कोणत्या तारखेपर्यंत, हे त्या कागदावरून ना नातेवाइकांना कळते, ना गावच्या डॉक्टरांना.

आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट आधी थोडक्यात मांडतो, कारण हे पत्र नातेवाईकही वाचतील. पायातले रक्त वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने. चालताना पोटरी आवळते, शीर पिळली जाते आणि आतल्या झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत. माणूस आडवा पडून राहिला की हा पंप बंद पडतो आणि झडपांमागच्या खळग्यांत रक्त साचून राहते. त्यात हाड मोडल्याने आणि शस्त्रक्रियेने शिरांना इजा होते, आणि रक्तस्राव थांबवायला सज्ज झालेले शरीर रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठेल अशा स्थितीत जाते. म्हणजे गुठळी व्हायला लागणारी तिन्ही कारणे एकाच पायात, एकाच वेळी हजर असतात. पोटरीतली गुठळी तिथेच विरघळली तर कुणाला कळतही नाही. ती वर गुडघ्यामागे आणि मांडीत वाढत गेली, तर तिचा तुकडा सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकतो. पाय दुखतोय म्हणून बसलेल्या माणसाला अचानक धाप लागते ती अशी.

ऑपरेशन झाले, दोन-चार दिवस नीट गेले, म्हणजे हा धोका टळला, असा समज मात्र आपल्या वॉर्डांतही आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली एक मोठी पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. ठरवून केलेल्या खुब्याच्या सांधेबदलानंतर ज्यांना गुठळीचा त्रास झाला, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचे निदान घरी गेल्यावर झाले होते, आणि निम्म्या रुग्णांना ते व्हायला १७ दिवसांहून अधिक काळ लागला होता. गुडघ्याच्या सांधेबदलात हाच आकडा ७ दिवसांचा होता. आपल्याकडे रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जातो. म्हणजे गुठळी दिसते तेव्हा आपण समोर नसतो, समोर असतो तो फक्त आपला कागद.

नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. ही कुणी एक बाई नाही. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मांडलेला क्रम आहे. वय ६८, वजन ५२ किलो, लातूरजवळच्या गावात राहणाऱ्या. २ मार्चला न्हाणीघरात पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. आधी गावात, मग जिल्ह्याला, मग मुलगा पुण्यात म्हणून पुण्यात, असे करता करता ऑपरेशन झाले ६ मार्चला. या चार दिवसांत त्या पाठीवर पडून होत्या आणि गुठळीविरुद्ध एकही डोस मिळालेला नव्हता. गुठळीचे घड्याळ ऑपरेशनपासून चालू होत नाही, पडल्या क्षणापासून चालू होते. त्यामुळे ऑपरेशन लांबत असेल, तर आधीपासूनच डोस द्यायचा का आणि भुलीच्या किती तास आधी थांबवायचा, हे दाखल करतानाच ठरायला हवे. बेंबीशेजारी टोचल्या जाणाऱ्या त्या इंजेक्शनच्या, म्हणजे एनॉक्सापॅरिनच्या, ४० मिलिग्रॅमच्या डोसानंतर पाठीच्या मणक्यात सुई घालायला किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात, आणि नेमक्या याच भीतीने तो डोस मुळात सुरूच होत नाही. संध्याकाळी डोस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा ऑपरेशन, असे बसवले तर दोन्ही गोष्टी जमतात.

७ मार्चच्या सकाळपासून बाईंना रोज ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन मिळाले. पाचवा डोस ११ तारखेला सकाळी झाला आणि दुपारी डिस्चार्ज. कार्डावर इंजेक्शनचा उल्लेख नाही. त्याच दुपारी मुलाने गाडी काढली आणि पुणे ते लातूर सात-आठ तासांचा प्रवास सुरू झाला.

प्रवासाबद्दल इथेच थोडे थांबून सांगायला हवे. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासाने गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे, आणि हे फक्त विमानाला नव्हे तर मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. धडधाकट माणसाचा मुळातला धोका इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो फारसा उरत नाही. चार तासांवरच्या विमानप्रवासात तो साधारण सहा हजारांत एक धरला जातो. पण ज्याचा धोका शस्त्रक्रियेने आधीच कितीतरी पटींनी वाढलेला आहे, त्याच्या बाबतीत ही वाढ हलक्यात घेण्यासारखी नाही. त्यात आपल्या रस्त्यांची एक खास अडचण आहे. वाटेत बायकांना लघवीची धड सोय नाही, शिवाय ऑपरेशन झालेल्या बाईला उंच कमोड लागतो, म्हणून घरची मंडळीच त्यांना सकाळपासून पाणी देत नाहीत. रक्त दाट, पाय लोंबकळलेले आणि पोटरी स्तब्ध, अशी ती गाडी निघते.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी प्रवासाबद्दल चार वाक्ये बोलावीच लागतात. त्या दिवशीचा डोस चुकवू नका. पुढची सीट मागे सरकवून, पाठ थोडी कलती ठेवून, बुडाखाली उशी घेऊन बसा. त्यामुळे खुबाही जास्त दुमडत नाही. दर तासा-सव्वातासाने गाडी थांबवा आणि वॉकर धरून दोन-तीन मिनिटे उभे राहून चार पावले टाका. मधल्या वेळात पावले पंजापासून वर खेचा आणि खाली दाबा, एका वेळी २०-२५ वेळा, दोन्ही पायांची. दोन्ही म्हणायचे कारण असे की गुठळी ऑपरेशन न झालेल्या पायातही होते. पाणी नेहमीइतके प्या; थांबायचे कुठे ते निघण्याआधी ठरवा. ॲम्ब्युलन्समध्ये आडवे झोपून नेले म्हणजे हा धोका गेला, असेही नाही. तिथेही पोटरी हलत नाही, तेव्हा पावलांचा व्यायाम तिथेही करायचा.

आता पुढे. २० मार्चला, ऑपरेशननंतर चौदाव्या दिवशी, गावच्या डॉक्टरांनी टाके काढले. डावी पोटरी तट्ट झाली होती, दाबली की खळगा पडत होता आणि आतून दुखत होती. डॉक्टर म्हणाले, 'ऑपरेशनची सूज आहे, उतरेल.' घरी आल्यावर सुनेने एरंडेल तेल कोमट करून पाय चोळून दिला, शेकही दिला. २५ मार्चला पहाटे बाई संडासात बसल्या आणि तिथेच चक्कर येऊन कलंडल्या. शुद्धीवर आल्यावर दरदरून घाम, नाडी १२४, श्वास मिनिटाला ३०, छातीत भरल्यासारखे. शेजारच्यांनी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. दवाखान्यात ईसीजी काढला, हृदयविकाराचा झटका नाही म्हणून आम्लपित्ताचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले.

या पंधरा दिवसांत मुद्दाम हलगर्जी कुणी केली? कुणीच नाही. प्रत्येकाने समोर दिसले त्याप्रमाणे केले. त्यांच्याकडे माहिती नव्हती, आणि ती फक्त तुमच्याकडे होती.

पोटरीचेच बघा. ऑपरेशन झालेला पाय काहीसा सुजलेला असतोच, तेव्हा नुसत्या सुजेवरून गावच्या डॉक्टरांनी काय ओळखावे? पण डिस्चार्जच्या सकाळी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. त्याच्या खाली बरोबर १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि तिथला घेर मोजायचा. समजा ११ मार्चला डावी ३१ आणि उजवी ३०.५ सेंटिमीटर भरली आणि कार्डावर तसे लिहिले. २० मार्चला डावी ३४.५ आणि उजवी पूर्वीइतकीच, ३०.५. दोन पायांत ३ सेंटिमीटरहून जास्त फरक हा गुठळीच्या तपासणीतला मान्य निकष आहे, आणि इथे तर नऊ दिवसांत एकट्या डाव्या पोटरीचा घेर साडेतीन सेंटिमीटरने वाढलेला दिसतो. हे काम नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट दोन मिनिटांत करतात. मोजणी शक्यतो सकाळीच, रुग्ण झोपलेला असताना करावी, कारण संध्याकाळपर्यंत पाय लोंबते ठेवून कुणाचीही पोटरी थोडी वाढते. रात्रभर उशीवर पाय ठेवूनही सकाळी न उतरणारी सूज अधिक संशयास्पद.

वेल्सच्या गुणपद्धतीने मोजले तरी हेच येते. मोठ्या शस्त्रक्रियेला बारा आठवडे झालेले नाहीत याचा एक गुण, पोटरीच्या घेराचा एक, बोट दाबल्यावर खळगा पडतो त्याचा एक, शिरेच्या मार्गावर दुखते त्याचा एक, झाले चार. 'ऑपरेशनची सूजच असेल' असे म्हणून दोन गुण वजा केले तरी दोन उरतात, आणि दोन म्हणजे गुठळी असण्याची शक्यता धरून चालायची. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहायची जुनी चाचणी मात्र सोडून द्यावी. ती अनेकदा खोटी निघते, दोन्ही बाजूंनी.

अशा रुग्णाला डी-डायमर करायला पाठवू नये, हे कार्डावर स्पष्ट लिहावे. ती तपासणी नकारार्थी आली तरच उपयोगाची, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे ती जवळपास सगळ्यांचीच वाढलेली येते. पैसे जातात, दिवस जातो आणि शेवटी 'ऑपरेशनमुळे वाढलंय' असे म्हणून सोडून दिले जाते. थेट पायाच्या शिरांचे डॉपलर करावे. त्यात मुख्य गोष्ट रंग नाहीत, दाब आहे: सोनोग्राफीवाले डॉक्टर जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोबने शीर दाबतात. मोकळी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. ना इंजेक्शन, ना उपाशी राहणे. फक्त मांडी आणि गुडघ्यामागचा भाग पाहिला असेल आणि तो मोकळा असेल, तरी संशय राहिल्यास साधारण आठवड्याने पुन्हा पाहावे लागते, कारण पोटरीतली गुठळी तेवढ्यात वर सरकलेली असू शकते.

विदर्भातल्या मंडळींसाठी एक कंसातली गोष्ट: हत्तीरोगाच्या भागात सुजलेला पाय म्हणजे हत्तीपाय, असे पटकन मनात येते. हत्तीपाय असा नऊ दिवसांत येत नाही.

चोळण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे दुखऱ्या पायाला तेल लावून चोळणे ही सेवा असते, तेव्हा 'मालिश करू नका' एवढ्याने कुणी ऐकत नाही. पोटरीत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, हे कारण सांगितले की सुना-लेकी ऐकतात.

आता २५ मार्चची पहाट. फुफ्फुसातल्या गुठळीत ईसीजीवर अनेकदा फक्त जलद नाडी दिसते, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ दिसू शकतो. यातले काहीही 'गुठळी नाही' असे सांगत नाही. संडासात किंवा उठताना आलेली चक्कर हे मोठ्या गुठळीचे पहिले लक्षण असू शकते. सॉर्बिट्रेटने शिरा सैल पडतात आणि हृदयाकडे येणारे रक्त कमी होते. उजवे हृदय आधीच तुंबलेल्या रोहिणीशी झगडत असताना त्याने रक्तदाब कोसळू शकतो. घरात कुणाला तरी डॉक्टरांनी दिली होती म्हणून ती या रुग्णाला द्यायची नाही. रुग्णाला चालवू नये, खुर्चीतून उचलावे, १०८ ला फोन करावा, ऑक्सिजन लावावा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊन सीटी स्कॅन व आयसीयू असलेल्या ठिकाणी न्यावे. तिथे फुफ्फुसाच्या रोहिणीचा सीटी अँजिओ होतो. रक्तदाब पडलेला असेल आणि सीटीपर्यंत नेणे शक्य नसेल, तर खाटेशी केलेल्या इकोमध्ये फुगलेले उजवे हृदय दिसते. संशय दाट असेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल, तर हेपॅरिनचा पहिला डोस रिपोर्टची वाट न पाहता देण्याची रीत आहे.

याच टप्प्यावर ऑपरेशनची तारीख जीव वाचवणारी किंवा घेणारी ठरते. रक्तदाब ९० च्या खाली गेला की गुठळी विरघळवणारे औषध द्यायचा विचार होतो. मोठ्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे पूर्ण झाले नसतील, तर त्याने ऑपरेशनच्या जागी भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या बाईंचा हा १९ वा दिवस. इथे नळीने गुठळी काढायची सोय असलेले केंद्र गाठायचे की जोखीम पत्करून औषध द्यायचे, हे तिथले डॉक्टर तुम्हाला फोन लावूनच ठरवू शकतात. कार्डावर ओपीडीच्या वेळा छापलेल्या असतात. रात्री उचलला जाईल असा नंबर नसतो.

आणि हे सगळे जिथून सुरू झाले, त्या इंजेक्शनकडे परत येतो. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर गुठळीविरोधी औषध साधारण चार आठवडे, जास्तीत जास्त ३५ दिवसांपर्यंत चालवावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आपल्या बाईंचे २८ डोस ७ मार्चपासून मोजले तर शेवटचा ३ एप्रिलला येतो. पाच वॉर्डात झाले, उरले २३. या २३ सिरिंजा डिस्चार्जच्या वेळीच हातात द्यायला हव्यात. गावच्या मेडिकलमध्ये त्या मिळतील यावर विसंबू नये. द्यायच्या कशा हेही घरच्या एका माणसाकडून वॉर्डात एकदा करवून घ्यावे: बेंबीपासून चार बोटे बाजूला, कातडीची चिमटी धरून, सुई सरळ पूर्ण आत, औषध संपेपर्यंत चिमटी सोडायची नाही, नंतर चोळायचे नाही. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा नाही, नाहीतर थोडे औषध त्याच्याबरोबर जाते. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर हा डोस कमी करावा लागतो, म्हणून तो आकडाही कार्डावर असावा.

गोळीची सोय आहेच. ठरवून केलेल्या सांधेबदलात रिव्हरोक्सॅबॅन १० मिलिग्रॅम रोज एकदा, खुब्यासाठी ३५ दिवस आणि गुडघ्यासाठी दोन आठवडे, असा रिवाज आहे. पहिले पाच दिवस ही गोळी आणि पुढे ॲस्पिरिन, अशी स्वस्त पद्धतही त्याच ऑपरेशनांत तपासली गेली आहे. पण ते निष्कर्ष चार दिवस पडून राहिलेल्या फ्रॅक्चरच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नयेत, असे आमचे मत आहे. काय द्यायचे ते तुम्ही ठरवा. जे ठरवाल त्याची शेवटची तारीख लिहा.

जखमेतून रक्त झिरपेल, आत साचेल, त्यातून जंतुसंसर्ग होईल, ही तुमची भीती खोटी नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती खरी असते, आणि डोस काही तास पुढे ढकलायचे कारणही असते. बाराव्या दिवशी जखम कोरडी असेल, तर तीच भीती औषध बंद करायला पुरत नाही. उलट घरी रक्तस्राव होतो तो दुसऱ्याच कारणाने: या औषधासोबत डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि कमरेत इंजेक्शने चालू राहतात. गावच्या डॉक्टरांना रक्त पातळ करणारे औषध चालू आहे हे माहीतच नसते. तेव्हा वेदनेसाठी पॅरासिटामॉल लिहावे आणि स्नायूत इंजेक्शन देऊ नये असेही लिहावे.

आम्ही कार्डाच्या मागच्या बाजूसाठी एक मजकूर तयार केला आहे. मोकळ्या जागा पेनाने भरायच्या. तो वापरा, बदला, तुमच्या भागातल्या बोलीत करा:

'तुमचे ऑपरेशन ____ रोजी झाले. पायात गुठळी होऊ नये म्हणून ____ हे औषध रोज ____ वाजता घ्यायचे आहे. शेवटचा डोस ____ तारखेला. आज ____ डोस तुमच्या हातात दिले आहेत, मोजून घ्या. आज सकाळी पोटरीचा घेर: डावी ____, उजवी ____ सेंटिमीटर. क्रिएटिनिन ____. कोणतीही एक पोटरी किंवा मांडी सुजली, तट्ट झाली, दुखू लागली तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी पायाचे डॉपलर करा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले किंवा चक्कर येऊन पडलात, तर चालू नका, १०८ ला फोन करा आणि हे कार्ड दाखवा. शौचाला काळे झाले किंवा जखमेतून रक्त थांबेना, तर पुढचा डोस घेण्याआधी आम्हाला फोन करा. स्थानिक डॉक्टरांस विनंती: डी-डायमर नको, थेट डॉपलर. डायक्लोफिनॅक व स्नायूतील इंजेक्शन टाळावे. दिवसा-रात्री कधीही फोन: ____.'

आपले,
अस्थिरोग वॉर्ड, भूल, अतिदक्षता आणि फिजिओथेरपी विभागांत काम करणारे काही जण